सात पॉइंट दोन आणि पाच पॉइंट सहा

ताईला मधुमेह आहे हे तिला कळलं ते माझ्या हातच्या रिपोर्टवरून. तिला तो नव्हता. पण हे समजायला आम्हाला महिना लागला, आणि त्या महिनाभरात आम्ही सगळेच इतके गोंधळलो होतो की आजही तो क्रम आठवताना मला मध्येच थांबून आधी काय झालं आणि नंतर काय, हे जुळवावं लागतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीत एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर चिपळूणला राहायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, काचपट्ट्या बघायचे, सह्या करायचे आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचे. बाकीचे दिवस लॅब माझ्यावर असायची. रक्त काढणं, तपासणं, रिपोर्ट लिहिणं, सगळं.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवीन तपासणी सुरू झाली होती. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन. लोकांच्या तोंडी ते नाव बसेना, म्हणून सगळे 'तीन महिन्यांची शुगर' म्हणायचे. तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात. तेवढ्या काळात रक्तातली साखर पेशीतल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत राहते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती याचा अंदाज येतो. सहाच्या आत असेल तर ठीक, वर गेलं तर साखर वाढलेली.

शहरातल्या एका फिजिशियनांना ही तपासणी फार आवडली होती. पासष्टीच्या घरातले, शांत, माणसाशी बोलायला वेळ देणारे डॉक्टर. मला ते 'बाय' म्हणायचे. "बाय, लोक तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करतात आणि मला सांगतात, बघा डॉक्टर, शुगर नॉर्मल. ह्या तपासणीला मात्र कोणी फसवू शकत नाही," असं ते म्हणाले होते. मलाही ते पटलं होतं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पावसला दिलेली. भावजींची आंब्याची बाग, तिचं सगळं आयुष्य त्या बागेत. त्या फाल्गुनापासून तिला दम लागत होता. सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, घरी यायची तर मध्ये दोनदा बसायची. हातपाय गळून जायचे. आमची आई मधुमेहाने गेली होती, त्यामुळे घरात कुणाला थकवा आला की पहिला संशय साखरेचा. भावजी तिला त्या फिजिशियनांकडे घेऊन आले. जेवण करूनच निघाले होते, तेव्हा केलेली शुगर दीडशेच्या आसपास आली. डॉक्टर म्हणाले, तसं काही नाही, पण आईला होता म्हणता, तर तीन महिन्यांची करून घेऊ या.

तिचं रक्त मीच काढलं. त्याच सकाळी आणखी एक माणूस त्याच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला होता. वनखात्यातले एक साहेब. चंद्रपूरकडचे, बदली होऊन रत्नागिरीत आलेले. वय पंचेचाळीसच्या आसपास. हाताची बाही वर करत ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या इथं दमट लय आहे. मला सारखी तहान लागते." त्यांना वाटत होतं की तहान हवेमुळे लागते.

दोघांच्या नळ्या मी एकाच स्टँडमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या. हे मला नंतर शंभर वेळा आठवलं.

दुपारी तपासणी केली. ताईचं आलं सात पॉइंट दोन. साहेबांचं पाच पॉइंट सहा.

ताईचा आकडा मी दोनदा वाचला. आईचे शेवटचे दिवस आठवले. फिजिशियनांनी तिला साखर उतरवणारी अर्धी गोळी सुरू केली, साखर बंद, गूळ बंद, भात अर्धा. "आणि आंबा?" ताईने विचारलं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, तेव्हा मीच म्हणाले, "ताई, या वर्षी नकोच." ती हसली. "अगो, बागेत राहायचं आणि आंबा खायचा नाही, हे कसं जमायचं?" पण तिने ते जमवलं. मी सांगितलं म्हणून जमवलं.

पंधरा दिवसांनी, ऐन मे महिन्यात, दुपारी लॅबमधला फोन वाजला. भावजी होते. शेजारच्या दुकानातून बोलत होते आणि आवाज चढला होता.

"हिला काय झालंय बघ गो. पेट्या भरत बसली होती. घामाने चिंब झालीय. हात थरथरतायत. काय बोलते ते कळत नाही. ऊन लागलंय बहुतेक."

"जेवली होती का?"

"नाही. माल जायचा होता, म्हणाली नंतर जेवते."

"गोळी घेतली होती?"

"ती घेतलीन सकाळी."

"भावजी, तिला आत्ताच्या आत्ता साखर द्या. गिळता येतंय ना? मग पाण्यात चार चमचे साखर घालून पाजा."

मग भावजी म्हणाले, "साखर? तिला? मी तिला मीठ घातलेलं लिंबूपाणी देतोय. साखर न घालता. तूच म्हणालीस ना, साखर म्हणजे विष?"

"आत्ता द्या. मग बोलू."

मी फोन ठेवून तिथेच उभी राहिले. लॅबमध्ये दोन पेशंट बाकावर बसले होते, माझ्याकडे बघत होते. वीसेक मिनिटांनी परत फोन आला. ताई शुद्धीवर होती, बोलत होती, आणि 'माझ्यामुळे पेट्या राहिल्या' म्हणून भावजींवरच चिडली होती. तिचा तो चिडलेला आवाज मागून ऐकू आला तेव्हा मी खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी भावजी तिला घेऊन आले. उपाशीपोटी गोळीने साखर फार खाली गेली होती; डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि एक दिवस मध्ये जाऊ देऊन उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर परत करायला सांगितली. उपाशीपोटी अठ्ठ्याऐंशी, जेवणानंतर एकशे चोवीस. कुठल्याही निरोगी माणसाची असावी तशी.

डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर दोन कागद होते, दोन्ही माझ्या अक्षरातले.

"बाय, बस. हे तुझ्या बहिणीचं. साखर नॉर्मल, तीन महिन्यांचं सात पॉइंट दोन. आणि हे वनखात्याच्या साहेबांचं. यांची उपाशीपोटी एकशे नव्वद, जेवणानंतर दोनशे ऐंशी. रात्री चार-चार वेळा उठतात, वजन उतरलंय. आणि तीन महिन्यांचं पाच पॉइंट सहा. मी त्यांना सांगून बसलो होतो की हे नुकतंच वाढलंय, घाबरू नका. पण हे नुकतंच वाढलेलं नाही. चार महिन्यांपूर्वी चंद्रपूरला केलेला, कुणी न बघितलेला त्यांचा जुना रिपोर्ट काल सापडला. तेव्हाही साखर एवढीच होती."

मी दोन्ही कागदांवरच्या तारखा बघितल्या.

"दोघांचं रक्त एकाच दिवशी घेतलंस ना?"

"हो."

"मग हे आकडे एकमेकांच्या जागी ठेवून बघ."

ठेवून बघितले. ताईचं पाच पॉइंट सहा, साहेबांचं सात पॉइंट दोन. सगळं जुळत होतं. नळ्या शेजारी होत्या. मी दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते का तेव्हा? आठवेना. न आठवणं हेच मला कबुलीसारखं वाटलं.

"माझ्याकडूनच झालं असेल," मी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "माणूस आहे, चुकतो. पण तुझी बहीण गेली असती गो," एवढंच म्हणाले.

मी लॅबमध्ये परतले. त्या तपासणीच्या उरलेल्या नळ्या फ्रिजमध्ये अजून होत्या. मी त्या काढल्या. लेबलं माझ्याच अक्षरात. पण लेबलावर विश्वास कसा ठेवायचा, तेच तर चुकीचं असणार. मग एकदम सुचलं, रक्तगट. ताईचा रक्तगट मला माहीत होता, ओ पॉझिटिव्ह, तिच्या बाळंतपणापासून. साहेबांनी आपल्या खात्याच्या कार्डावर बी लिहिलेलं दाखवलं होतं. दोन्ही नळ्यांतलं थोडं थोडं रक्त घेऊन गट केला.

ताईच्या नळीत ओ. साहेबांच्या नळीत बी.

नळ्या बदललेल्या नव्हत्या.

मला वाटलं होतं की हे कळल्यावर आनंद होईल. झाला नाही. चूक सापडली होती तेव्हा निदान एक कारण हातात होतं. आता तेही गेलं. कदाचित नळ्या बरोबर होत्या आणि तपासणी करताना आकडे लिहिण्यात चूक झाली असेल, म्हणून दोघांना परत बोलावलं, रक्त वेगवेगळ्या दिवशी घेतलं, प्रत्येकाचं दोनदा केलं. ताई सात पॉइंट एक, सात पॉइंट तीन. साहेब पाच पॉइंट पाच, पाच पॉइंट सहा.

"मग तुझं किट खराब आहे," डॉक्टर म्हणाले. "किंवा उकाडा. एवढ्या गरमीत तुम्ही ते करता कसं?"

हा प्रश्न खरा होता. ती तपासणी लहान लहान नळ्यांत व्हायची, त्यांत राळेसारखे बारीक कण भरलेले असत. रक्तातल्या पेशी फोडून ते पाणी वरून ओतलं की साधं हिमोग्लोबिन त्या कणांना धरून बसतं आणि साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन सुटून खाली उतरतं. खाली आलेल्याची लाली आणि एकूण लाली, दोन्ही कलरीमीटरवर मोजायच्या आणि टक्के काढायचे. हे सगळं ठरलेल्या तापमानाला करायचं असतं. हवा तापली की आकडा फुगतो. आमच्याकडे एसी नव्हता. मी परातीत पाणी घेऊन, त्यात बर्फ टाकून, थर्मामीटर लावून काम करायचे. पण उकाड्याने ताईचा आकडा वर गेला म्हणावं, तर साहेबांचा खाली कसा आला? एकाच परातीत, एकाच पाण्यात, एकाच दुपारी?

मी माझं स्वतःचं रक्त घातलं. पाच पॉइंट एक. डॉक्टरांचं घातलं, त्यांनी स्वतःहून दिलं. पाच पॉइंट चार. ज्यांची साखर वर्षानुवर्षं माहीत होती अशा आठ-दहा जुन्या पेशंटांचं केलं. सगळ्यांचं त्यांच्या साखरेशी जुळत होतं. किट जगाला खरं सांगत होतं आणि फक्त दोन माणसांना खोटं. त्यातली एक माझी बहीण. त्या आठवड्यात मी घरी धड जेवत नव्हते. माझ्या नवऱ्याने विचारलं, तर त्याला समजावून सांगताना मलाच समजत नव्हतं की नेमकं काय समजत नाहीये.

शुक्रवारी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर आले. मी सगळे कागद त्यांच्यापुढे मांडले आणि एका दमात सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाले, "साखरेचं सोडून दे. रक्त बघू. दोघांचं हिमोग्लोबिन किती?"

केलंच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीवर फक्त साखर होती.

ताईचं हिमोग्लोबिन निघालं सात पॉइंट चार. बाईमाणसाचं बारा तरी असावं. त्यांनी तिची काचपट्टी मायक्रोस्कोपखाली लावली आणि मला बघायला बोलावलं. पेशी बारीक, फिकट, मध्ये नुसता पांढरा गोल आणि कडेला लालसर रेघ. असल्या पट्ट्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. लोहाची कमतरता. दम लागणं, हातपाय गळणं, सगळं त्यात होतं.

"पाळी कशी आहे हिची?"

मला माहीत होतं. दोन वर्षांपासून तिला दर महिन्याला आठ-आठ दिवस खूप जायचं. माझ्याजवळ बोलली होती, स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात. फिजिशियन पुरुष, भावजी शेजारी बसलेले, तिथे तिने ते सांगितलं नव्हतं. आणि मी, रोज हेच काम करणारी, मीही ते साखरेच्या धास्तीत विसरून गेले.

"अंगात लोह नसलं की नवीन पेशी कमी बनतात," डॉक्टर म्हणाले. "रक्तात जुन्या पेशींचा भरणा जास्त राहतो. पेशी जितकी जुनी, तितकी तिला साखर जास्त चिकटलेली. मग साखर नॉर्मल असूनही आकडा वर जातो. निदान असं मानतात. खरं सांगायचं तर एवढंच कारण आहे की आणखी काही, हे मलाही नक्की माहीत नाही. पण होतं असं."

"आणि साहेब?" मी विचारलं. "त्यांचं हिमोग्लोबिन साडेतेरा आहे. पट्टीही चांगली दिसतेय."

"कुठले म्हणालीस ते?"

"चंद्रपूरकडचे."

त्यांनी मान वर केली. "त्यांना बोलाव. ताजं रक्त पाहिजे. आणि सोडियम मेटाबायसल्फाइट आहे का बघ."

साहेब दुपारी आले. डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताच्या थेंबात ते प्राणवायू काढून घेणारं द्रावण घातलं, वर पातळ काच ठेवली आणि कडा मेणाने बंद केल्या, आत हवा जाऊ नये म्हणून. "आता थांबायचं," म्हणाले. साहेब बाकावर बसून राहिले. एकदा उठून मला विचारलं, "मॅडम, काय शोधता आहात?" मी म्हणाले, "अजून कळलं नाही." ते खोटं नव्हतं.

अर्ध्या तासाने काही नाही. तासाने डॉक्टरांनी मला हाक मारली. काचेखाली गोल पेशींच्या मध्ये काही लांबट, टोकदार झाल्या होत्या. कोयतीच्या पात्यासारख्या वाकलेल्या. मी पुस्तकात चित्र बघितलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदा बघत होते. रत्नागिरीत हे आमच्या कामात कधी येतच नाही.

"सिकल सेल. त्यांच्या भागात पुष्कळ सापडतं," डॉक्टर म्हणाले. "आजार नाही, पट्टी बघ किती चांगली आहे. नुसता वाहक असणार. आईकडून किंवा वडिलांकडून एक जनुक आलेलं. हिमोग्लोबिन अर्ध्याहून थोडं जास्त साधं, बाकीचं सिकलचं. मुंबईला पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस करून घेऊ, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दिसतात, म्हणजे खात्री होईल."

"पण त्याचा साखरेशी काय संबंध? वाहकाच्या पेशी लवकर मरतात का?"

"नाही, वाहकाच्या पेशी पूर्ण आयुष्य जगतात. ज्यांना खरा सिकलचा आजार असतो त्यांच्या लवकर फुटतात, आणि मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही, कुठल्याही पद्धतीने करा, आकडा कमीच येतो. यांच्यात गडबड पेशीची नाही, तुझ्या नळीची आहे. सिकलचं हिमोग्लोबिन त्या कणांना जास्त घट्ट धरून बसतं. त्याला साखर चिकटली तरी ते ठरलेल्या वेळी खाली उतरत नाही. म्हणजे एकूण लालीत ते मोजलं जातं आणि खाली आलेल्या लालीत येत नाही. साखर चिकटलेला त्याचा सगळा वाटा तुझ्या हिशोबातून गळतो. दुसऱ्या पद्धतीने केलं असतं तर कदाचित बरोबर आलं असतं. काही पद्धतींत उलटं, जास्तही येतं."

मी कागदावर गणित करून बघितलं. त्यांचं खरं नऊच्या आसपास असेल आणि त्यातला चाळीस टक्के वाटा गळला असेल, तर पाच पॉइंट चार-सहा. बरोबर येत होतं. म्हणजे मी सगळं नीट केलं होतं आणि तरी दोन्ही आकडे खोटे होते. ही गोष्ट पचवायला मला चुकीपेक्षा जास्त वेळ लागला. चूक झाली तर पुढच्या वेळी जास्त लक्ष देता येतं. इथे लक्ष देऊन काय उपयोग होता?

मुंबईचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी आला. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर म्हणाले होते तसाच. साहेब तो हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"म्हणजे मी आजारी आहो का, मॅडम?"

"मधुमेह आहे, त्याची गोळी डॉक्टर देतील. या दुसऱ्याचा तुम्हाला त्रास नाही. तुम्ही फक्त वाहक आहात."

"वाहक म्हणजे काय वाहतो मी?"

मी समजावलं. ते ऐकता ऐकता खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बहिणीचा पोरगा सारखा हाडं दुखतात म्हणून रडायचा. पोटात पाणी झालं म्हणे, कावीळ म्हणे, कोणी काय, कोणी काय. बारा वर्षांचा होऊन गेला. कोणी हे नाव घेतलंच नाही आमच्याकडं. म्हणजे ते हेच असेल का?"

असू शकेल, एवढंच म्हटलं. पण ते त्या क्षणी म्हणायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

जाताना ते परत वळले. "मॅडम, माझ्या पोरीचं लग्न जमवायचं आहे. हे रिपोर्टवर लिहिणं जरुरी आहे का?"

"रिपोर्ट तुमचा आहे. कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा. पण मुलीची तपासणी करून घ्या. तीही वाहक असली तर तिला काही होणार नाही. होणारा नवराही वाहक निघाला तरच त्यांच्या मुलांना धोका."

"म्हणजे जावयाचंही रक्त तपासायला सांगू?" ते हसले, पण ते हसू नव्हतं. "लग्नाच्या आधी? माझ्या समाजात?"

मुलीला घेऊन ते पावसाळ्यात आले. ती कॉलेजात शिकत होती, सुट्टीत वडिलांकडे आली होती. तिच्या रक्तात दोन तास, चार तास, दुसऱ्या सकाळपर्यंत थांबूनही एकही पेशी वाकली नाही. साहेबांनी मला दोनदा विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "मुंबईला पाठवू." मी नक्की हा शब्द वापरणं तोपर्यंत सोडून दिलं होतं. मुंबईनेही नाही म्हटलं. साहेबांनी त्या दिवशी लॅबमधल्या सगळ्यांना चहा पाजला आणि काय झालंय ते कुणालाच सांगितलं नाही. पुढे दोन वर्षांनी त्यांची परत बदली झाली. तोपर्यंत फिजिशियन त्यांची साखर फक्त उपाशीपोटी आणि जेवणानंतर बघूनच सांभाळत होते, आणि ती आटोक्यात होती.

ताईची गोष्ट मात्र इतक्यात संपली नाही. तिला ग्लुकोज पाजून तपासणी केली, दोन तासांनी साखर नॉर्मल. मधुमेह नाही, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं. पाळीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली, गर्भाशयात गाठ दिसली, तिच्यावर उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन महिन्यांत तिच्या गालांवर रंग आला. फिजिशियनांनी कुतूहल म्हणून ती तपासणी परत करायला सांगितली.

चार पॉइंट आठ.

ताईने कागद बघितला आणि घाबरली. "अगो, हे फार कमी झालं. म्हणून तर मला त्या दिवशी तसं झालं नव्हतं ना? मी आता साखर जास्त खाऊ काय?"

"नाही ग. हाही आकडा खरा नाही."

"म्हणजे जास्त आलं तेव्हा खोटं, कमी आलं तेव्हाही खोटं? मग खरं कधी येतं तुझ्याकडे?"

मी तिला सांगितलं की लोह मिळाल्यावर अंगात एकदम खूप नवीन पेशी तयार होतात. त्या कोवळ्या, त्यांना साखर चिकटायला अजून वेळ मिळालेला नाही. म्हणून आता कमी दिसतं. अजून चार-सहा महिन्यांनी जुन्या-नव्यांचं प्रमाण नेहमीसारखं झालं की जे येईल ते धरायचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू हे मला सांगतेस ते ठीक. पण आमच्या वाडीतल्या बायांना कोण सांगणार? अर्ध्या बायकांच्या अंगात रक्त नाही."

पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना विचारून मी एक पद्धत सुरू केली. तीन महिन्यांची शुगर करायला कुणी आलं की चिठ्ठीवर असो नसो, त्याच नळीतलं हिमोग्लोबिन करायचं आणि रिपोर्टवर खाली लिहायचं. आकडा आणि साखर जुळत नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा. काही डॉक्टरांना ते आवडलं नाही. एक जण म्हणाले, "तुम्ही तपासणी करा, निदान मी करतो." फिजिशियन मात्र फोन उचलताच विचारायचे, "काय गो बाय, आज कोण खोटं बोलतंय?"

दोन हजारनंतर कधीतरी एक म्हातारे गृहस्थ आले. चामडीच्या आजारासाठी डॅप्सोनच्या गोळ्या घेत होते. उपाशीपोटी साखर एकशे सत्तर आणि तीन महिन्यांचं पाच. लोह व्यवस्थित, गाव इथलंच, वेळणेश्वर. मी पुन्हा त्या जुन्या गोंधळात पडले. परातीतलं पाणी बदललं, दोनदा केलं, तेच. शुक्रवारी पट्टी बघून पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर म्हणाले की त्या गोळ्यांनी पेशी थोड्या थोड्या फुटत आहेत, बहुतेक पेशींचं आयुष्य अर्ध्यावर आलंय, म्हणून आकडा कमी. त्यांनी रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी दुसरी तपासणी मुंबईला पाठवायला सांगितली. तिचा तांबड्या पेशींशी संबंध येत नाही. "पण ती फक्त दोन-तीन आठवड्यांचं सांगते," ते म्हणाले, "आणि प्रथिनं कमी असली तर तीही चुकते." मी वहीत तेही लिहून घेतलं.

पुढे लॅबमध्ये मोठं यंत्र आलं. कागदावर डोंगरासारखा आलेख काढून देणारं. अनोळखी हिमोग्लोबिन असलं की त्यात वेगळा डोंगर उभा राहतो आणि यंत्र स्वतःच खूण करतं. विकायला आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, आता तुम्हाला काळजीच नाही." मी त्याला विचारलं, "लोह कमी असेल तर हे दाखवतं?" तो माहितीपत्रक चाळायला लागला. बराच वेळ चाळत होता.